अनोळखी कणांचा रकाना

विद्यापीठ वसतिगृह, औरंगाबाद
१२ नोव्हेंबर १९९८

प्रिय युसूफ,

तुझा जिंतूरचा पत्ता फुलंब्रीला तुझ्या घरी जाऊन आणला. अनवरी आपांनी आधी दारातच उभं ठेवलं. "आठ महिने बाद याद आयी? इतने दिन कहाँ मर गया था सांडू?" असं विचारलं आणि मग दोन ताटं जेवायला घातलं. तुमच्या घरात माणसाला शिव्या आणि सालन एकदमच मिळतं.

कामाचं लिहितो. तू जाताना मधातले परागकण मोजल्याची तुझी हिरवी वही घेऊन गेलास. त्यातली अकरा नंबरच्या स्लाईडची पानं मला उतरवून पाठवशील का? सहज, संदर्भासाठी. जानेवारीत माझी दोन वर्षं भरतात. पाठ्यवृत्ती पुढं चालू ठेवायची की नाही हे ठरवायला तिघांची समिती बसेल: मार्गदर्शक म्हणून आशा मॅडम, विभागप्रमुख काकासाहेब सर आणि बाहेरचे एक तज्ज्ञ. तेव्हा सगळे कागद हाताशी असलेले बरे.

इकडचं सगळं छान आहे. मॅडमचा आणि माझा लेख ऑगस्टमध्ये नियतकालिकाकडं गेला. कन्नडच्या डोंगरातला हिवाळी मध मुख्यतः धावड्याच्या फुलांचा आहे, वीस नमुन्यांपैकी चौदा धावड्याचे, असं त्यात ठामपणे म्हटलंय. मॅडमची प्रपाठकपदाची मुलाखत मार्चमध्ये आहे, त्याआधी लेख छापून आला तर सोन्याहून पिवळं. आणि जळणासाठी धावडा तोडणाऱ्यांना निदान वनखातं विचारेल तरी, असं त्या म्हणतात.

मॅडम पंधरा दिवस हैदराबादला आहेत. मी गेल्या हिवाळ्यातल्या मधाचे राहिलेले सहा नमुने एकटाच मोजतोय. आकडे जरा खाली येताहेत. सहापैकी एकच धावड्याचा निघाला. मध जुना झालाय, त्याचा परिणाम असेल.

वही पाठव. बाकी काही नाही.

तुझा
सांडू

—

२९ नोव्हेंबर १९९८

प्रिय युसूफ,

तुझं उत्तर नाही. येऊ नये असंच मी वागलोय, तेव्हा रुसायचा मला हक्क नाही. मागच्या पत्रात मी लबाडी केली. मध जुना झाल्यानं परागकण नाहीसे होत नाहीत, हे तुला माहीत आहे आणि मलाही.

आता खरं सांगतो. सहा नमुने खाली आले तेव्हा मी रात्रभर नाही, पण जेवण होईपर्यंत अस्वस्थ होतो. दुसऱ्या दिवशी कपाटातून अकरा नंबरची जुनी स्लाईड काढली. तीच, जिच्यावरून आपलं भांडण झालं. तीनशे कण मोजले. फेब्रुवारी महिन्यात मी लिहिलं होतं, धावडा एकशे एक्केचाळीस, अनोळखी चार. म्हणजे शेकडा सत्तेचाळीस; पंचेचाळीसच्या वर गेलं की मध त्या झाडाचा मानायचा, म्हणून धावड्याचा. तू लिहिलं होतंस एकशे सतरा, अनोळखी अठ्ठावीस. या खेपेला माझे आले एकशे चौदा. अनोळखी एकतीस.

कण तेच, डोळे तेच, मायक्रोस्कोप तोच. फक्त मॅडम हैदराबादला होत्या.

कसं झालं ते तुला सांगायला हवं, कारण तू तिथंच शेजारच्या बाकावर बसलेला असायचास. चुरगळलेला, घडी पडलेला, कुठल्या झाडाचा ते सांगता न येणारा कण आला की तो अनोळखीच्या रकान्यात टाकायचा, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. तू टाकायचास. मीही टाकायचो. पण दोघांना एकदम बघता येतं त्या मायक्रोस्कोपवर मॅडम समोरच्या बाजूला येऊन बसायच्या, आणि एखादा कण स्पष्ट दिसला की म्हणायच्या, "अरे वा, धावडा!" त्यांचा तो "अरे वा" ऐकायला मी काय वाट्टेल ते केलं असतं. पुढचा चुरगळलेला कण मग मला धावड्यासारखा दिसायचा. मी खोटं लिहीत नव्हतो रे, मला तसा दिसायचाच. त्या उठून गेल्यावरही दिसायचा, कारण संध्याकाळी त्या वही बघणार हे ठाऊक असायचं.

मला मॅडम आवडतात. हे वाक्य लिहायला मला तीन कागद लागले. गुरू म्हणून आवडतात असं पहिल्या कागदावर होतं. ते फाडलं. अनवरी आपांना तुझे जिजाजी आवडतात तशा आवडतात. कधीपासून ते विचारू नको. पिशोरच्या डोंगरात नमुने गोळा करायला गेलो होतो तेव्हा त्या आमच्या घरी जेवल्या, माझ्या आईच्या चुलीपुढं बसून, आणि आईला विचारत राहिल्या की कुठल्या महिन्यात मोहोळ कुठल्या झाडावर असतं. आई म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या, तुमाला मी काय सांगू?" तर मॅडम म्हणाल्या, "सांगा, मी लिहून घेते." आणि खरंच लिहून घेतलं. तेव्हापासून असेल. आईचं, साळूबाई पुंजाराम मोकासे हे नाव लेखाच्या शेवटी आभारात आहे. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "मी काय केलं गं बाई!"

त्यांनी मला कधी वावगं काही म्हटलं नाही, कधी बोटसुद्धा लावलं नाही. तू मनात काही आणू नको.

पण तुझं काय झालं ते बघ. तुझा आकडा वेगळा आला, तू म्हणालास, "मॅडम, ये स्लाईड तिसऱ्या माणसाकडून मोजून घेऊ." त्या म्हणाल्या, "सांडूचा हात बसलाय आता." आणि मी हसलो. हसलो मी, युसूफ. बाहेर जिन्यात तू का हसलास म्हणून विचारलंस तर मी म्हणालो, "तू जळतोस." परिषदेला मला नेलं, तुला नाही. खिडकीजवळचं बाक मला मिळालं. तू महिनाभर गप्प बसून कण मोजलेस आणि मग जिंतूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला निघून गेलास, नोंदणी अर्धवट सोडून. मला तेव्हा वाटलं होतं, नोकरी लागली, बरं झालं.

मी तुझा गुन्हेगार आहे. माफी मागतो. वही नको पाठवूस, आता तिची गरज नाही.

मॅडमना अजून काही सांगितलेलं नाही. दर महिन्याचा हजेरीचा कागद त्यांच्या सहीनं जातो तेव्हा पाठ्यवृत्ती निघते. सहामाही प्रगती अहवालावर त्यांची सही. रजा, प्रवास, रसायनांची मागणी, सगळ्यावर त्यांची सही. प्रबंध झाल्यावर तो कुणी तपासायचा त्या परीक्षकांची नावंही त्याच सुचवणार, आणि पुढं नोकरीसाठी शिफारसपत्र लागलं तर तेही त्याच लिहिणार. हे सगळं आधी मला मायेचं छत्र वाटायचं. आता मोजून बघतोय तर कळतंय की त्यांना न आवडेल असं एक वाक्यसुद्धा मी दोन वर्षांत बोललेलो नाही.

तुझा
सांडू

—

१३ डिसेंबर १९९८

प्रिय युसूफ,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर अडीच ओळी! "मॅडमला सांगितलंस का? नाय सांगितलं तर मला लिहू नको. सांगितलं तर लई लिही." ठीक आहे, हे घे लई.

सांगितलं. परवा, शुक्रवारी, अकरा वाजता.

मी त्यांच्या खोलीत गेलो आणि दार लावायला लागलो. त्या म्हणाल्या, "उघडं राहू दे." नेहमीच म्हणतात, मी आजवर कधी त्याचा अर्थ लावला नव्हता. माझी जुनी आणि नवी वही टेबलावर ठेवली आणि अकरा नंबरचे दोन्ही आकडे दाखवले. मग सहा नमुन्यांचे. म्हणालो, "मॅडम, चौदामधले किती खरे, मला सांगता येणार नाही."

त्यांनी चष्मा काढला, परत घातला, पानं उलटली. रागावल्या. रागावणारच. "लेख गेलाय सांडू! चार महिने झाले! तू आत्ता सांगतोस?" आणि मग एकदम शांत होऊन विचारलं, "अनोळखी चार आणि अनोळखी एकतीस. एवढा फरक कशानं पडतो?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. नवशिका होतो, घाई झाली, असं म्हटलं असतं तर खपलंही असतं. तुझं कार्ड खिशात होतं. मी म्हणालो, "तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

"म्हणजे?"

"म्हणजे मला तुम्ही आवडता. विद्यार्थ्याला आवडतात तशा नाही."

बाहेरून शिपाई टेबल ओढत नेत होता. मला वाटलं, आता त्या मला हाकलून देतील. किंवा, खरं सांगतो, मनाच्या एका कोपऱ्यात असंही वाटलं की नाही हाकलणार, काहीतरी वेगळं बोलतील. त्या कोपऱ्याची मला अजून लाज वाटते.

त्या म्हणाल्या, "बस." मग म्हणाल्या, "तुला कोण आवडावं यावर मी काही बोलणार नाही. तो तुझा प्रश्न आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण माझ्या सहीखाली असताना तू जे बोललास त्याला मी होही म्हणू शकत नाही आणि नाहीही. मी हो म्हटलं तर तुझा प्रबंध तुझा राहत नाही. नाही म्हटलं तर उद्या तुझ्या अहवालावर मी एक कडक शेरा मारला तरी तुला वाटेल, त्या गोष्टीमुळं मारला. आणि मलाही खात्री देता येणार नाही की तसं नसेल."

मी म्हणालो, "पण मॅडम, तुम्ही तर कधी काही मागितलं नाही. मी आपणहून केलं."

"मागावं लागलं नाही, हाच तर घोटाळा आहे." हे त्या जरा जोरात बोलल्या. "युसूफचा आकडा माझ्या टेबलावर आला होता. तिसऱ्यांदा मोजून घ्यायला पाहिजे होतं, हे एम.एस्सी.च्या पोराला कळतं. मी तुझा आकडा घेतला, कारण तो मला हवा होता, आणि तू मला हवं ते देतोस याची मला सवय झाली होती. ती सवय मी तेव्हाच ओळखायला हवी होती. वय माझं जास्त, खुर्ची माझी, सही माझी. सांभाळायचं काम माझं होतं, तुझं नव्हे."

युसूफ, मी अपराधी म्हणून आत गेलो होतो. माझ्यावर जबाबदारी यावी, शिक्षा व्हावी, अशी तयारी करून गेलो होतो, आणि त्यांनी त्यातला मोठा वाटा उचलून स्वतःकडं ठेवला. मला त्या त्या क्षणी आणखीनच आवडल्या, आता काय करू! पण हेही कळलं की आता इथं बसायचं नाही.

त्यांनी तिथल्या तिथं कागद ओढून तीन गोष्टी लिहिल्या. जानेवारीच्या समितीत त्या बसणार नाहीत. मी मार्गदर्शक बदलण्यासाठी अर्ज करायचा. काकासाहेब सरांशी त्या बोलतील, पण कारण म्हणून एवढंच सांगतील की मोजणीबद्दल शंका आहे आणि ती त्यांच्या देखरेखीखाली तपासणं बरोबर नाही. "बाकीचं तू माझ्याशी विश्वासानं बोललास, ते या खोलीबाहेर जाणार नाही." आणि तिसरी गोष्ट, सगळ्या वीस स्लाईडी पुन्हा मोजायच्या, पण मोजणाऱ्याला कुठली स्लाईड कुठल्या डोंगरातली ते कळता कामा नये. "युसूफला मी स्वतः लिहिते," त्या म्हणाल्या. "माफी मागायची आहे, ती तुझ्या हातून पाठवणार नाही."

तर तुला त्यांचं पत्र येईल. ये बाबा. नाताळाच्या सुट्टीत ये. अनवरी आपांना सांगतो, सालन जास्त करा.

तुझा
सांडू

—

१७ जानेवारी १९९९

प्रिय युसूफ,

तू जिंतूरला नीट पोचलास ना? एस.टी.त बसताना तू जे बोललास ते मी अजून आठवून हसतोय. "साल्या, तेरा इश्क तीनशे कणात मोजलास, आनि तो बी चुकीचा." तुझ्यासारखा मित्र असल्यावर शत्रूची गरज काय!

तू गेल्यावर काय झालं ते लिहितो. तू इथं होतास त्या आठ दिवसांसाठी काकासाहेब सरांनी स्लाईडींवरच्या चिठ्ठ्यांवर कागद चिकटवून, त्यावर आपल्या मर्जीनं क्रमांक टाकून, खरी यादी पाकिटात बंद करून कपाटात ठेवली होती. त्या आठ दिवसांत मी जी मोजणी केली तशी आयुष्यात केली नव्हती. कुठली स्लाईड कशाची हेच ठाऊक नाही, त्यामुळं कुणाला खूश करायचं हाही प्रश्न नाही. चुरगळलेला कण आला की अनोळखी. सरळ. मला वाटलं होतं कंटाळा येईल, पण खरं सांगतो, फार हलकं वाटलं.

सोमवारी सरांनी पाकीट उघडलं. सर एकीकडं यादी वाचत होते, एकीकडं बुरशीवरचं त्यांचं नेहमीचं पुराण सांगत होते. मॅडम समोर उभ्या होत्या, खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. माझे आणि तू मोजून ठेवलेले आकडे शेजारी शेजारी मांडले तर तीन-चार कणांपलीकडं फरक नाही. वीसपैकी धावड्याचे पाच. बाकीच्यांत धावडा आहे, पण शेतातली करडई, कारळ, बाभूळ यांच्याबरोबरीनं. म्हणजे माशी डोंगर आणि शेत दोन्हीकडं जाते. माझ्या आईनं पिशोरात हेच सांगितलं होतं, "जिथं फूल तिथं जाती ती, तिला काय डोंगर आन् काय वावर," आणि मॅडमनी ते लिहूनही घेतलं होतं. आम्ही दोघांनीही त्या ओळीकडं परत पाहिलं नाही.

मॅडम फक्त "पाच" एवढंच म्हणाल्या. मग खोलीत गेल्या आणि दुपारी संपादकांना पाठवायचं पत्र मला आणि सरांना वाचायला दिलं. लेख मागं घेत आहोत, मोजणीत दोष होता, दोष तपासण्याची जबाबदारी मुख्य लेखिकेची होती. माझं नाव दोषाच्या वाक्यात नव्हतं. मी म्हणालो, "मॅडम, मोजणारा मी होतो, ते लिहा." मी त्यांना काहीतरी करायला सांगण्याची ती पहिलीच वेळ. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पेन घेतलं आणि लिहिलं. मार्चच्या मुलाखतीत या लेखाचं वजन आता नसणार.

शुक्रवारी समिती झाली. बाहेरचे तज्ज्ञ पुण्याचे, बारीक मिशांचे. दीड तास घेतला त्यांनी. विचारलं, "तुमचा निष्कर्ष कोसळला, मग तुम्हाला पाठ्यवृत्ती का चालू ठेवायची?" मी म्हणालो, "सर, निष्कर्ष कोसळला तो आम्हीच मोजून. आता जो उरलाय तो उभा राहील." काकासाहेब सर मध्येच म्हणाले, "पोरगं खरं बोलतंय, लई दुर्मिळ नमुना हाय." एक वर्षासाठी चालू ठेवली, वर्षानंतर पुन्हा तपासणार.

आता मनातलं. त्यांच्या खोलीसमोरून जाताना माझी चाल हळू होते. त्यांचा "अरे वा" दुसऱ्या कुणाला मिळतो तेव्हा आतून दुखतं. हे तुला नाही सांगणार तर कुणाला? पण दुखत असतानाही माझं काम बरं चाललंय, झोप लागते, जेवण जातं. मला वाटायचं की असं दुःख झालं की माणूस खंगतो. माझं वजन वाढलंय. वसतिगृहाचा आचारी साक्षीदार आहे.

तुझा
सांडू

—

३ जुलै १९९९

प्रिय युसूफ,

आधी तुझी बातमी, कारण ती मोठी. तुझी नोंदणी पुन्हा सुरू करायला संशोधन समितीनं मान्यता दिली, काल यादी लागली. नोकरी सांभाळून, सुट्ट्यांत इथं येऊन काम करायचं. मार्गदर्शक डॉ. आशा अंबडकर. तू त्यांच्याकडंच परत गेलास याचं मला आधी आश्चर्य वाटलं होतं. तू लिहिलंस, "ज्या बाईनं चूक कबूल करून पत्र लिव्हलं तिच्याकडं मोजायला भीती कसली?" बरोबर आहे तुझं. आता त्यांच्या प्रयोगशाळेत प्रत्येक स्लाईड चिठ्ठी झाकून मोजतात, आणि दोन माणसं मोजतात. नवी मुलं कुरकुरतात, पण करतात. आणि कुणाला परिषदेला न्यायचं ते आता त्या एकट्या ठरवत नाहीत, प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर ठरतं.

मॅडमना प्रपाठकपद मिळालं नाही. पुढच्या वेळी अर्ज करतील. त्यांनी हे मला जिन्यात सांगितलं, हवामानाबद्दल बोलावं तसं. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नकोस, तो अर्जही माझाच होता आणि लेखही माझाच." मग वर गेल्या.

आता माझी बातमी. काकासाहेब सरांच्या सहीचा पहिला सहामाही अहवाल आला. मॅडमच्या चारही अहवालांवर शेरा होता, "उत्कृष्ट". सरांनी लिहिलंय, "समाधानकारक. भाषा सुधारावी." युसूफ, मी तो कागद खोलीत भिंतीला लावलाय. तुला हसू येईल. पण त्या चार "उत्कृष्ट"मधलं किती माझ्या कामाचं होतं आणि किती माझ्या हो-ला हो म्हणण्याचं, हे मला कधीच कळणार नाही. "समाधानकारक" मात्र सगळाच्या सगळा माझा आहे.

आई विचारत होती, "ती बाई येती का परत डोंगरात?" मी म्हटलं, येतील, युसूफबरोबर येतील. मी त्या दिवशी गावात नसेन. आईनं माझ्याकडं बघितलं आणि परत चुलीकडं वळली. तिला कळलं असेल काय? आयांना कळतं.

तुझा
सांडू

—

औरंगाबाद
१९ ऑगस्ट २००१

प्रिय युसूफ,

तू अकरावीच्या प्रवेशांत अडकलास म्हणून येऊ शकला नाहीस, हे मी माफ केलंय. सबब पटलेली नाही, पण माफ केलंय. आता तुझा सांडू डॉक्टर झालाय, तेव्हा मोठ्या मनानं वागायला हवं.

पीएच.डी.ची मौखिक परीक्षा काल झाली. दोन परीक्षक, त्यातले एक केरळातले, मधाचे मोठे जाणकार. सभागृह भरलेलं. वडील, म्हणजे आमचे पुंजाराम, पहिल्या रांगेत फेटा बांधून, आई शेजारी. परीक्षकांचं झाल्यावर नियमाप्रमाणं श्रोत्यांना विचारलं, कुणाला प्रश्न आहे का? मागच्या रांगेत हात वर झाला. आशा मॅडम.

त्यांनी विचारलं, "पाच धावडाप्रधान नमुने तुम्ही एका मोठ्या निष्कर्षासाठी वापरता. पाच पुरेसे आहेत असं तुम्हाला वाटतं?" 'तुम्ही' म्हणाल्या मला. अडीच वर्षांपूर्वी मी काय केलं असतं, तुला सांगायला नको. मान हलवली असती आणि म्हणालो असतो, मॅडम, बरोबर आहे तुमचं.

मी म्हणालो, "पुरेसे आहेत, मॅडम. पाचही वेगवेगळ्या डोंगरांतले आणि वेगवेगळ्या मोहोळांतले आहेत. तुमचा आक्षेप मला मान्य नाही." त्यांनी उलटा प्रश्न केला, मी उलटं उत्तर दिलं. केरळचे परीक्षक खुर्चीत पुढं सरकून ऐकायला लागले. काकासाहेब सर मात्र घड्याळ बघत होते. शेवटी मॅडम म्हणाल्या, "माझी शंका कायम आहे, पण तुमचं म्हणणं मांडलेलं चांगलं आहे." आणि बसल्या. टाळ्या झाल्या तेव्हा आई वडिलांना विचारत होती, "भांडण झालं का काय त्यांचं?"

नंतर व्हरांड्यात त्या भेटल्या. अभिनंदन केलं. म्हणाल्या, नवा प्रकल्प मंजूर झालाय, तीन वर्षांचा, गौताळ्याच्या जंगलातला मध. संशोधन सहायक हवाय. "तुझ्याइतकं हे काम कुणाला येत नाही. येशील?"

खोटं सांगत नाही, मन एकदम हो म्हणालं. तीन वर्षं, तोच डोंगर, त्याच मॅडम. तोंडानं मी म्हणालो, "नाही, मॅडम. कन्नडच्या महाविद्यालयात माझी नेमणूक झालीय. आणि तुमच्या प्रकल्पात आलो तर हजेरीवर पुन्हा सही तुमचीच लागेल."

अडीच वर्षांत डिसेंबरमधल्या त्या शुक्रवारबद्दल आम्ही दोघंही एक शब्द बोललो नव्हतो. मग त्या हळूच हसल्या. "बरोबर बोललास," त्या म्हणाल्या. "मी विचारायलाच नको होतं." आणि जाता जाता, "मग उद्या रविवार आहे, घरी चहाला ये. माझी आई आहे, तिला मधमाश्यांच्या गोष्टी आवडतात. चहाला सही लागत नाही."

आज रविवार. जाऊन आलो. त्या अजून आवडतात का, असं तू विचारशील, म्हणून आधीच सांगतो: आवडतात. पण आता आवडण्यात भीती नाही, आणि काही मिळवायचंही नाही. पुढं काय होईल मला माहीत नाही, आणि माहीत नसण्यानं मला त्रास होत नाही. काही नाही झालं तरी आजचा दिवस माझा आहे. त्यांची आई, चतुराबाई, ऐंशीच्या आहेत आणि त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळं सगळ्या गोष्टी ओरडून सांगाव्या लागल्या. पाच नमुन्यांवरून मी आणि मॅडम परत तासभर भांडलो. त्या हरल्या असं मला वाटतं, त्यांना उलटं वाटतं.

चहा मॅडमनी स्वतः केला होता. साखर कमी होती, आणि मी तसं सांगितलं.

तुझा
सांडू